पिवळी ज्योत म्हणजे भेसळीचा गॅस?

"ज्योत पिवळी येतेय, म्हणजे गॅसमध्ये भेसळ आहे, सिलेंडर परत करा."

अहो नाही, आधी दुसरा बर्नर पेटवून बघा, तो निळा जळत असेल तर सिलेंडरचा दोष कसा, गॅस तर दोघांना एकच जातो ना! आमच्याकडे दूध उतू जाऊन पितळी बर्नरची निम्मी भोकं बुजली होती आणि पातेल्याचं बूड काळंकुट्ट. बर्नर गार झाल्यावर गरम साबणपाण्यात भिजवला, भोकं सुईने मोकळी केली, पूर्ण वाळवून बसवला, ज्योत निळी. तरीही पिवळीच राहिली तर हवा कमी पडतेय, शेगडीखाली बर्नरच्या नळीच्या तोंडाशी हवेची झडप असेल तर किंचित उघडा, जास्त उघडली तर ज्योत बर्नरवरून उचलली जाते आणि फुरफुरते. जेटमध्ये, म्हणजे बर्नरच्या नळीत गॅस सोडणाऱ्या बारीक तोटीत, मात्र सुई घालू नका, भोक मोठं होतं.