चाळीस दिवसांचं पिल्लू आणि आठ महिन्यांचा कोंबडा

‘ब्रॉयलरला हार्मोनची इंजेक्शनं मारून चाळीस दिवसांत फुगवतात. म्हणूनच ती पंधरा मिनिटांत शिजते, मांस कापसासारखं लागतं आणि हाडं काळी पडतात. गावरान नैसर्गिक, म्हणून तिला दीड तास लागतो. रंगीत पिसं आणि पिवळी चरबी बघून घ्या, फसणार नाही. पुढे पाठवा.’

या फिरत्या संदेशातलं आधी इंजेक्शनचं बघू. मी सात वर्षं ब्रॉयलरची शेड चालवली, पाच हजार पक्ष्यांची. करारावरचा धंदा होता. पिल्लं, खाद्य आणि औषधं कंपनीची. शेड, वीज, पाणी आणि राबणं आमचं. वाढीचं हार्मोन हे प्रथिन असतं. खाद्यातून किंवा पाण्यातून दिलं तर ते पोटात पचून जातं, जसं इन्सुलिन गोळीसारखं गिळून भागत नाही. म्हणजे ते टोचावंच लागणार, आणि तेही पुन्हा पुन्हा. एक पक्षी पकडून टोचून सोडायला दहा सेकंद धरा. पाच हजारांचे झाले पन्नास हजार सेकंद, जवळपास चौदा तास. शिवाय पक्षी असे हाताळले की ते बिथरतात, कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरतात आणि त्या दिवशी खाद्य कमी खातात. जे वजन वाढवायचं, तेच घटतं.

लोकांनी सुई पाहिलेली असते हे खरं आहे, पण ती लसीची. काही लसी उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी मानेच्या कातडीखाली टोचतात. मानमोडीची लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब टाकून देतात आणि गंबोरोची दुसऱ्या आठवड्यात पिण्याच्या पाण्यातून.

मग पिल्लू एवढं वाढतं कशानं? निवडीनं. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने १९५७ आणि १९७८ सालचे वाण पुढे काहीही निवड न करता जपून ठेवले होते. ते आणि २००५ चा ब्रॉयलर यांना एकच खाद्य आणि एकसारखी निगा देऊन ५६ दिवस वाढवलं. १९५७ चा पक्षी सरासरी ९०५ ग्रॅमचा झाला, १९७८ चा १८०८ ग्रॅमचा आणि २००५ चा ४२०२ ग्रॅमचा. हार्मोन कुणालाच दिलं नव्हतं. पिढ्यान् पिढ्या सगळ्यात वेगाने वाढणारे नर-मादी निवडून त्यांचीच पैदास केली, त्याचा हा परिणाम.

याची किंमत पक्षी मोजतो. पाचव्या आठवड्यात आमच्या शेडमध्ये एका पक्ष्याच्या वाट्याला जेमतेम एक चौरस फूट जागा यायची. छाती एवढी जड झालेली असते की काहींना पायावर उभं राहवत नाही. ते तुसावर बसूनच असतात आणि छातीखालची पिसं झडतात. अशी पाय गेलेली पिल्लं मी रोज सकाळी वेगळी काढली आहेत. ज्याला ब्रॉयलरवर बोलायचंय त्याने यावर बोलावं. प्रतिजैविकांवरही बोलावं. ती प्रसंगी खरंच वापरली जातात आणि माल उचलण्याआधी ठरलेले दिवस औषध बंद ठेवायचा नियम सगळेच पाळतात असं नाही. माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं कोलिस्टिन पोल्ट्रीत वापरलं जात होतं. केंद्र सरकारने त्यावर जुलै २०१९ मध्ये बंदी आणली. ही खरी तक्रार आहे, आणि हार्मोनच्या गप्पांमध्ये ती बुडून जाते.

आता शिजण्याचं. माझं म्हणणं खरं तर एवढंच आहे की शिजायला लागणारा वेळ पक्ष्याचं वय सांगतो, जात नव्हे. मांसाचे धागे एका जाळीने बांधलेले असतात, तिला कोलॅजन म्हणतात. कोवळ्या पक्ष्यात ही जाळी सैल असते आणि गरम पाण्यात लवकर विरघळते. वय वाढतं तसे जाळीतले टाके एकमेकांत पक्के गुंततात आणि मग उष्णता त्यांना सहज सोडवू शकत नाही. मंद आचेवर बराच वेळ ठेवलं की तीच जाळी विरघळून रश्शात उतरते आणि रस्सा ओठांना किंचित चिकटतो. कोंबडी भरपूर पळणारी असेल तर स्नायूही घट्ट होतात, पण मुख्य गोष्ट वय.

हे मी एकदा तीन पातेल्यांत करून पाहिलं. पहिल्यात चाळीस दिवसांच्या ब्रॉयलरच्या तंगड्या, दुसऱ्यात घरच्या आठ महिन्यांच्या गावरान कोंबड्याच्या, आणि तिसऱ्यात ब्रॉयलरचीच पण पैदाशीतून काढून टाकलेली, सव्वा वर्षाची मादी. तिसरा पक्षी महत्त्वाचा. ज्या माद्यांच्या अंड्यांतून ब्रॉयलरची पिल्लं निघतात, त्या अंडी कमी झाली की विकल्या जातात. तिन्ही पातेल्यांत पाणी, मीठ, हळद आणि आच सारखी ठेवली. झाकण ठेवून बारीक उकळी. दर दहा मिनिटांनी काटा टोचून बघत होतो.

वीस मिनिटांनी पहिल्या पातेल्यातल्या तंगडीत काटा आरपार गेला. दुसऱ्यात टोक टेकवलं की मांस रबरासारखं मागे ढकलत होतं. तिसऱ्यातही तेच. चाळीस मिनिटांनी पहिली तंगडी उचलली तर हाड हातात आणि मांस पातेल्यात. गावरान कोंबड्याचं मांस तासाभराने नळीच्या टोकापासून बोटभर वर सरकलं, आणि दीड तासाच्या जरा आधी काटा टोचून काढताना तुकडा काट्याबरोबर वर आला नाही, तेव्हा मी तो शिजला असं धरलं. ब्रॉयलरच्या त्या म्हाताऱ्या मादीला त्याच्याहूनही दहा मिनिटं जास्त लागली. म्हणजे जात ब्रॉयलरची, शेड ब्रॉयलरची, खाद्य पोत्यातलं, आणि शिजायला वेळ गावरानपेक्षा जास्त. उलटंही पाहिलंय. उकिरड्यावर वाढलेलं गावरान पिल्लू अडीच महिन्यांचं असताना कापलं तेव्हा ते अर्ध्या तासात मऊ झालं होतं.

कापसासारखं मांस ही तक्रार बहुतेक वेळा स्वयंपाकघरात तयार होते. ब्रॉयलरच्या छातीत कोलॅजन फार कमी आणि पाणी भरपूर. छातीचा तुकडा आतून ७५ अंशांवर गेला की तो झाला. त्यापुढे धागे आकसतात, पाणी पिळून बाहेर टाकतात आणि हातात चोथा राहतो. आपण मात्र छाती आणि तंगडी एकाच वेळी पातेल्यात टाकतो आणि कुकरला चार शिट्ट्या देतो, कारण आजीच्या कोंबडीला तेवढ्या लागायच्या. ब्रॉयलर करताना मी मसाला पूर्ण परतून, पाणी घालून, रस्सा आधी उकळून घेतो. मग तंगड्या टाकतो आणि दहा मिनिटांनी छाती. पुढे पंधरा मिनिटांत गॅस बंद. मीठ आदल्या रात्री चोळून ठेवलं तर ते आतपर्यंत पोचतं आणि मांस पाणीही धरून ठेवतं.

गावरानचं नेमकं उलटं. ती कांद्यावर परतताना आधी स्वतःचं पाणी सोडते. ते आटू द्यायचं, मग कडकडीत गरम पाणी घालायचं आणि आच कमी करून विसरून जायचं. झाकणावर पाणी ठेवलं की आतली वाफ आतच राहते. घाईने आच मोठी केली तर धागे बाहेरून आवळतात आणि आतली जाळी तशीच राहते. हाच पक्षी तंदूरमध्ये लावला तर वरून करपतो आणि आत चामडं. तिथे ब्रॉयलरच हवा.

चवीच्या बाबतीत मी गावरानच्या बाजूने आहे, मनापासून. पण तिची चव कुठून येते ते समजून घ्यायला हवं. चालणाऱ्या, पळणाऱ्या पक्ष्याच्या मांडीत लाल रंगद्रव्य जास्त असतं, वयाबरोबर चरबी साठते, आणि कोंबडीचा म्हणून जो वास आपण ओळखतो तो बराचसा त्या चरबीतून येतो. त्यात दीड तास हाडं आणि सांधे उकळलेले असतात. वीस मिनिटांत झालेल्या रश्शात ते उतरायला वेळच मिळत नाही. माझ्या तीन पातेल्यांतला रस्सा रात्री फ्रिजमध्ये ठेवला होता. सकाळी ब्रॉयलरच्या पिल्लाचा पाण्यासारखा हलत होता, कोंबड्याचा आणि म्हाताऱ्या मादीचा चमचा उभा राहील इतका गोठला होता. पण चाखल्यावर कोंबड्याचा रस्सा सरस होता, यात शंका नाही. वयाने घट्टपणा दोघांनाही दिला, चव मात्र फक्त वयाची नव्हती. किडे, हिरवा पाला आणि उकिरडा यांचाही तिच्यात वाटा आहे.

काळ्या हाडांचं थोडक्यात सांगतो. सहा आठवड्यांच्या पक्ष्याचं हाड अजून पक्कं भरलेलं नसतं. शिजताना आतल्या मगजातला लाल रंग त्यातून झिरपतो आणि काळपट होतो. गोठवलेल्या पक्ष्यात तो जास्त दिसतो. औषधाचा त्याच्याशी संबंध नाही.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती शेवटच्या सल्ल्याने. रंगीत पिसांची कोंबडी म्हणजे गावरान नव्हे. डीपी क्रॉस, कावेरी, वनराज, गिरिराज हे सुधारित वाण रंगीतच असतात. त्यातले पुष्कळ शेडमध्ये, पोत्यातल्या खाद्यावर वाढतात आणि अडीच-तीन महिन्यांत विक्रीला येतात. वाईट नाहीत, पण खुडूक बसलेल्या कोंबडीखाली निघून, घार आणि मुंगसातून वाचून, सहा महिन्यांनी तलंग होणारी ती कोंबडी वेगळी. अंड्यांवरून काढलेल्या तपकिरी लेअर कोंबड्याही गावरान म्हणून खपतात. त्या वर्ष-दीड वर्षाच्या असतात, त्यामुळे शिजायला वेळ घेतात आणि घेणाऱ्याला वाटतं, अस्सल मिळाली. पिवळी चरबी तर मक्यातल्या रंगाची असते. मका खाणाऱ्या ब्रॉयलरलाही ती येते, आणि भाताच्या कण्या खाणाऱ्या गावरान कोंबडीची चरबी पांढरी निघते.

त्यापेक्षा पक्षी हातात घेऊन छातीच्या मधल्या हाडाचं मागचं टोक अंगठ्याने दाबून बघा. ते कानाच्या पाळीसारखं वाकलं तर पक्षी कोवळा आहे, मग पिसं कुठल्याही रंगाची असोत, अर्धा तास पुरे. टोक टणक लागलं, नडगीवरचे खवले खरखरीत झालेले असले आणि कोंबड्याच्या पायामागचा काटा बोटाच्या पेरापर्यंत आलेला असला, तर दीड तासाची तयारी ठेवा आणि पाणी आधीच गरम करायला ठेवा.