‘पांढरा देऊ’ आणि ‘ग्रेव्ही’

“लेख वाचला, पटला नाही. सूर, हेल ही सगळी पळवाट आहे. आपली माणसं इंग्रजीत उद्धट वाटतात, कारण ‘प्लीज’ म्हणायची सवय नाही. त्यात कोल्हापूरकर मुळातच रांगडे!” – एक वाचक, पुणे

मागच्या लेखात आम्ही म्हटलं होतं की आपली माणसं इंग्रजीत उद्धट वाटतात ती शब्दांमुळे नव्हे, बोलण्याच्या सुरामुळे. त्यावरचं हे पत्र. रांगडेपणाचं निम्मं मान्य. आमच्या साध्या गप्पा शेजारच्या टेबलाला भांडण वाटतात, हे खरंच आहे. ‘प्लीज’चं मात्र पटत नाही.

१९७० च्या दशकात ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळाच्या कर्मचारी कॅन्टीनमध्ये काही भारतीय आणि पाकिस्तानी बायका वाढायचं काम करत. मांसाचं ताट घेतलेल्या माणसाला त्या म्हणायच्या, “ग्रेव्ही.” सूर खाली उतरलेला. ब्रिटिश बाईही तेवढंच म्हणायची, फक्त शेवट वर न्यायची, “ग्रेव्ही?” ‘प्लीज’ दोघींच्याही तोंडी नाही. तरी तुसडेपणाची तक्रार आपल्याच बायकांबद्दल. जॉन गम्पर्झ या भाषाशास्त्रज्ञाने ही बोलणी ध्वनिमुद्रित करून सगळ्यांना ऐकवली. बायकांना आधी फरकच जाणवेना; नंतर त्या म्हणाल्या, आम्ही असंच विचारतो. गिऱ्हाइकाच्या कानाला मात्र ते विचारणं नव्हतंच, नुसतं ‘ही ग्रेव्ही आहे’ असं सांगणं होतं. ते तर त्याला दिसतच होतं.

आता आपल्याकडे या. खानावळीत वाढपी रश्श्याची बादली घेऊन येतो आणि म्हणतो, “पांढरा देऊ.” सूर उतरला तरी कुणाला राग येत नाही, कारण विचारणं ‘देऊ’ या रूपातच आहे. “बसा की”, “घेताय न्हवं?” यातही आर्जव ‘की’नं, ‘न्हवं’नं आणि आदरार्थी क्रियापदानं उचललेलं असतं. हीच माणसं एका शब्दाचं इंग्रजी बोलतात तेव्हा हे सगळे टेकू गळून पडतात आणि उरतो तो नुसता सूर. इंग्रज ऐकतो तोच. (प्रश्न म्हटला की सूर वरच, असंही नाही बरं का. ‘व्हेअर’, ‘व्हॉट’नं सुरू होणारे इंग्रजी प्रश्न बहुधा खालीच उतरतात.)

उलटी फसगत आमचीच झाली. एका परदेशी गिऱ्हाइकाला कामाचा नमुना पाठवला. फोनवर तो म्हणाला, “इट्स गुड.” ‘गुड’वर आवाज आधी खाली गेला आणि शेवटी जरा वर आला. आम्ही खूश! आठवड्याने दुरुस्त्यांची लांबलचक यादी आली. इंग्रजीत त्या खाली-वर हेलकाव्यात ‘पण’ दडलेला असतो. आपण तिथं शब्दच घालतो, “तसं बरं आहे म्हणा…” तो ‘म्हणा’ आम्ही त्याच्या वाक्यात शोधला, मिळाला नाही आणि कौतुक समजून बसलो.

आश्चर्य दाखवण्याचंही तेच. “व्हय काय?” हे आम्ही कितीही सपाट म्हटलं तरी ‘काय’ आपलं काम करतो. सपाट “रिअली” मात्र इंग्रजाला कंटाळा किंवा टोमणा वाटतो. मोबाइलवर तुमचं “रिअली” रेकॉर्ड करा आणि त्याच्या आगेमागे काहीही न ठेवता ऐका. त्यात ‘प्लीज’ बसवायला जागा कुठं आहे, तेवढं कळवा.