रिसेट मारू का? कट्ट्यावर परवा झालेलं भांडण

परवा नित्या कट्ट्यावर आला तोच मुळी वैतागून. तीन दिवस झाले, बँकेची साइट उघडली की सर्टिफिकेटची वॉर्निंग येते, बाकी साइट उघडायला गेलं की मध्येच कसलीतरी जाहिरात. घरातल्या सगळ्या फोनवर हेच. पक्या लगेच म्हणाला, "राउटरच्या मागे भोक असतं बघ, त्यात पिन घाल, १० सेकंद दाबून धर, विषय संपला."

मी म्हटलं थांब रे, कारण मी हेच करून बसलोय. गेल्या वर्षी रात्री नेट गेलं, मी पिन दाबली आणि नंतर बघतो तर LOS चा लाल दिवा आधीपासूनच लागलेला, म्हणजे फायबरमधून सिग्नलच येत नव्हता, तिथे रिसेट काय करणार? सकाळी लाइन दुरुस्त झाली तरी माझं नेट बंदच, कारण नेट जोडायला प्रोव्हायडरने दिलेलं PPPoE चं युजरनेम-पासवर्ड मीच पुसून टाकलेलं. ते मिळेपर्यंत अख्खा दिवस गेला.

पक्या म्हणे, "मग रिस्टार्ट आणि रिसेटमध्ये फरक काय उरला?" अरे फरक तोच तर आहे. बंद करून चालू केलं की सेटिंग जशीच्या तशी राहते. रिसेटने वायफायचं नाव, पासवर्ड, अ‍ॅडमिनचा पासवर्ड, कनेक्शनची माहिती, पोर्ट फॉरवर्डिंग, सगळं जातं. राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर म्हणजे फर्मवेअर, ते मात्र सहसा आहे तेच राहतं, त्यामुळे बिघाड फर्मवेअरमधला असेल तर रिसेटनंतर तो परत येऊ शकतो.

नित्याचं घर कट्ट्याच्या वरच, वायफाय खालपर्यंत येतं. त्याला म्हटलं आधी वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बँकेची साइट उघड. उघडली, वॉर्निंग नाही. म्हणजे फोन आणि बँक दोन्ही ठीक, संशय राउटरवर किंवा लाइनवर. मग वायफाय परत चालू करून ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाकून राउटरमध्ये लॉगिन केलं, युजर admin, पासवर्ड पण admin, बदललेलाच नाही! WAN च्या, म्हणजे बाहेरच्या कनेक्शनच्या पानावर DNS "आपोआप" असायला हवं तिथे कुणीतरी हाताने दोन आकडे भरलेले. साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देतं ते DNS, तेच दुसऱ्याचं असेल तर बँकेचं नाव टाकूनही भलतीच साइट उघडू शकते. नित्या म्हणे मी तर हे पान आज पहिल्यांदा बघतोय.

आता मात्र मी पक्याच्या बाजूने झालो. पक्या उलटला, "मग ते दोन आकडे खोडायचे ना, रिसेट कशाला?" स्वतः बदललेलं असतं तर तेवढंच खोडलं असतं, पण जो आत शिरला त्याने अजून काय काय बदललंय हे आपल्याला कसं कळणार, बाहेरून लॉगिन चालू करून ठेवलं असेल तर उद्या परत येईल. अशा वेळी रिसेट खरंच कामाचं, अ‍ॅडमिन पासवर्ड विसरला असेल किंवा जुना राउटर दुसऱ्याकडून घेतला असेल तेव्हाही.

"बॅकअप घेतो मग," नित्या म्हणाला. Backup बटण असतं, एक फाइल उतरते, पण ती बहुतेक वेळा त्याच मॉडेलवर चालते, आणि मुख्य म्हणजे ती परत चढवली की ते दोन आकडेही परत येणार! फाइल असूदे पण नित्याच्या केसमध्ये चढवायची नाही, हाताने भरायचं. आणि ती कुणाला पाठवायची नाही, आत पासवर्ड असू शकतात.

हाताने भरायचं म्हणजे आधी फोटो. WAN च्या पानाचा घेतला, त्यात कनेक्शनचा प्रकार, युजरनेम, VLAN ID आलं. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके! इथेच लोक फसतात, फोटो असतो पण पासवर्ड नसतो. तो रिसेटच्या आधी प्रोव्हायडरकडून मागून घ्यायचा, काही ठिकाणी ते स्वतःच लांबून सेटिंग पाठवतात पण तेही विचारून घ्यायचं. वायफायच्या पानाचा पण फोटो, नाव, पासवर्ड आणि सिक्युरिटीचा प्रकार, कारण नंतर तेच्या तेच टाकलं, लहान-मोठी अक्षरंसुद्धा तीच, तर घरातले टीव्ही, फोन, प्रिंटर बहुतेक आपोआप जोडले जातात, प्रत्येकाला परत पासवर्ड सांगत बसावं लागत नाही.

संदीप इतका वेळ गप्प होता, तो म्हणाला की पिन काढल्यावर पहिलं काम अ‍ॅडमिन पासवर्ड बदलायचं, नेटची वायर त्यानंतर लावायची, मग नवीन फर्मवेअर आहे का बघायचं. हे बरोबरच आहे, मीसुद्धा तेव्हा उलट क्रमाने केलं होतं. आणि या तीन दिवसांत वॉर्निंगला "पुढे जा" म्हणून बँकेत लॉगिन केलं असशील तर तो पासवर्ड आत्ता मोबाइल डेटावरून बदल, हेही त्यालाच सुचलं.

नित्याने तिथल्या तिथे वायफाय बंद केलं, बँकेचा पासवर्ड बदलला आणि मग प्रोव्हायडरला फोन लावला.