६११ वर दुसरा ट्रान्समीटर नाही

"छत्रपती संभाजीनगर आकाशवाणी १५२१ किलोहर्ट्झबरोबर ६११ वरही ऐकू येते. म्हणजे गुपचूप दुसरा ट्रान्समीटर बसवला आहे."

नाही. ६११ वरचा आवाज तुमच्या रेडिओतच तयार होतो.

साधारण मीडियम वेव्ह सुपरहेटरोडाइन सेट आलेली लहर ४५५ किलोहर्ट्झच्या मध्यवर्ती वारंवारितेत, म्हणजे आयएफमध्ये, बदलतो आणि मग वाढवतो. काटा ६११ वर आणला की आतला ऑसिलेटर ६११ अधिक ४५५, म्हणजे १०६६ वर चालतो. मिक्सर या लहरीत आणि आलेल्या लहरीत बेरीज-वजाबाकी करतो, आणि सेट त्यातला फक्त फरक पुढे घेतो. १०६६ मधून ६११ गेले तर ४५५ उरतात. पण १५२१ मधून १०६६ गेले तरीही ४५५च! एकदा हे झालं की पुढच्या आयएफ ट्रान्सफॉर्मरला दोन्ही सारखेच, त्यामुळे ते कितीही फिरवून उपयोग नाही.

अशा रीतीने ६११ वर उमटणाऱ्या १५२१ ला प्रतिमा वारंवारिता म्हणतात, आणि तिला अडवायचं ते मिक्सरच्या आधीच. ते काम फेराइट रॉडवरची कॉइल आणि गँग कंडेन्सर करतात. मनोऱ्याजवळ मात्र १५२१ इतकं जोरदार असतं की थोडं आत शिरतंच, आणि ही जुळणी नेमकी करणारा ट्रिमर बिघडलेला असेल तर जास्तच.

पडताळा सोपा आहे. सेट घेऊन पैठण किंवा जालन्याकडे निघा: ६११ वरचा आवाज १५२१ च्या खूप आधी विरतो. रात्री ६१२ वर बेंगळुरू येत असेल, तर त्यावर सुमारे एक किलोहर्ट्झची शिट्टी ऐकू येईल. दोन्ही लहरी ४५५ आणि ४५४ वर येऊन एकमेकींत मिसळतात, त्याची ती शिट्टी.