सलग वीस टॉस हरल्यावर एकविसाव्याचं काय?

"भारत वनडेत सलग 20 टॉस हरला. सलग 21 हरण्याची शक्यता वीस लाखांत एक, म्हणजे पुढचा टॉस जिंकण्याची शक्यता 99.9999 टक्के! याला मोठ्या संख्यांचा नियम म्हणतात. शेवटी फिफ्टी-फिफ्टी व्हावंच लागतं, निसर्ग बाकी ठेवत नाही. पटत नसेल तर विशाखापट्टणम आठवा. जिंकलोच ना?"

मंडळी, हा मजकूर मला आपल्या क्लबातल्याच तिघांनी पाठवला. त्यातल्या एकाने खाली 'सर, अगदी आपला विषय' असंही लिहिलं होतं, म्हणून आज हाच घेतो.

पहिलं वाक्य खरं आहे. 19 नोव्हेंबर 2023 ला अहमदाबादच्या विश्वचषक अंतिम सामन्यात टॉस हरलो, तिथून ही रांग सुरू झाली आणि 6 डिसेंबर 2025 ला विशाखापट्टणमला तुटली. मधे चॅम्पियन्स ट्रॉफीतले पाचही टॉस हरून आपण ती ट्रॉफी जिंकलो, पण ते जाऊ द्या. दुसऱ्या वाक्याचा पूर्वार्धही बरोबर आहे. दोनाचा एकविसावा घात 20,97,152, तेव्हा वीस लाखांत एक म्हणायला हरकत नाही. घोटाळा आहे तो 'म्हणजे' या शब्दात.

फळ्यावर दोन ओळी लिहितो. पहिलीत वीस वेळा 'हार' आणि शेवटी आणखी एक 'हार'. दुसरीत वीस वेळा 'हार' आणि शेवटी 'जीत'. पहिलीची शक्यता 20,97,152 मध्ये एक. आणि दुसरीची? तीही तेवढीच, कारण प्रत्येक घराला अर्ध्यानेच गुणायचं आहे. मजकूर लिहिणाऱ्याने पहिली ओळ दुर्मिळ आहे एवढंच पाहिलं, दुसरीही तितकीच दुर्मिळ आहे हे पाहिलं नाही. वीस हारी झाल्यावर आपण या दोन ओळींच्या फाट्यावर उभे असतो आणि दोन्ही वाटा सारख्याच रुंद असतात. जे नवलाचं होतं ते मागे पडलं. कळसूबाई 1646 मीटर उंच आहे म्हणून शेवटची पायरी चढायला 1646 मीटर चढावे लागत नाहीत.

हा युक्तिवाद तपासायचीही सोय आहे, आणि ती मजकुरातच दडलेली आहे. समजा, हाच मजकूर दहा टॉस हरल्यावर फिरला असता. तेव्हा हिशेब असा झाला असता : सलग 11 हरण्याची शक्यता 2048 मध्ये एक, म्हणून पुढचा टॉस जिंकण्याची खात्री 99.95 टक्के. तो हरलो. मग बारावा, आणखी मोठ्या खात्रीने. तोही हरलो. अशी दहा भाकितं ओळीने चुकली, आणि दर चुकीनंतर खात्री वाढतच गेली. अकरावं तेवढं बरोबर आलं. हवामान खात्याने असं केलं असतं तर आपण काय काय बोललो असतो!

आता मोठ्या संख्यांच्या नियमाकडे वळतो. माझा खरा राग इथे आहे, कारण नियम खरा आहे आणि त्याच्या नावावर भलतंच खपवलं जातंय. जेकब बर्नुलीची ही सिद्धता त्याच्या मृत्यूनंतर, 1713 मध्ये छापली गेली. ती सांगते की फेका वाढत गेल्या की छाप्यांचं *प्रमाण* अर्ध्याच्या जवळ जात राहतं. छापे आणि काटे यांची *संख्या* सारखी होते असं ती कुठेच म्हणत नाही. प्रमाण आणि संख्या यांतला फरक हाताने नाणं उडवून पाहिलेला एक माणूस आहे.

जॉन केरिच हा दक्षिण आफ्रिकेतला गणिती. 1940 च्या एप्रिलमध्ये तो कोपनहेगनला गेलेला असताना जर्मनांनी डेन्मार्क घेतला आणि हा युटलंडमधल्या हाल्ड इथल्या छावणीत अडकला. वेळ भरपूर होता. त्याने एक नाणं 10,000 वेळा उडवलं आणि प्रत्येक निकाल टिपून ठेवला. त्याच्या वहीतले चारच टप्पे पाहू.

शंभर फेकांनंतर 44 छापे होते. निम्मे म्हणजे 50, तेव्हा सहा कमी. प्रमाण 44 टक्के. हजार फेकांनंतर 502 छापे. दोन जास्त, प्रमाण 50.2 टक्के. इथे थांबलो तर मजकूरवाले म्हणतील, 'बघा, सहाची बाकी फिटली.' म्हणून पुढे जाऊ. पाच हजारांनंतर 2533 छापे, निम्म्यापेक्षा 33 जास्त. दहा हजारांनंतर 5067, म्हणजे 67 जास्त, आणि प्रमाण 50.67 टक्के.

शंभराला तफावत सहाची होती, दहा हजाराला सदुसष्टची. तफावत वाढली, पण प्रमाण 44 वरून 50.67 वर, म्हणजे अर्ध्याच्या खूप जवळ आलं. कारण 67 ला आता भागायचं आहे दहा हजाराने. नाण्याने काही फेडलेलं नाही, छेद मोठा झाला आहे. तांब्याभर पाण्यात टाकलेलं चमचाभर मीठ जिभेला लागतं, तेच विहिरीत टाकलं तर लागत नाही. म्हणून काही मीठ कमी झालं नाही.

ही तफावत वाढणं अपघात नव्हता. निम्म्यापासून छापे साधारण किती दूर असतील, म्हणजे त्यांचं प्रमाण विचलन, फेकांच्या वर्गमुळाच्या निम्मं असतं. शंभर फेकांना 5, दहा हजारांना 50. केरिचचे 67 त्यात आरामात बसतात. वर्गमूळ वाढतं, पण फेकांच्या मानाने फारच हळू, आणि म्हणूनच भागाकार शून्याकडे जातो. सगळा नियम या दोन वेगांच्या शर्यतीत आहे.

हेच आपल्या टॉसला लावू. वीस हरलो, जिंकलो शून्य. आता पुढे हजार टॉस अगदी सरळ, कुठलीही भरपाई न होता पडले असं धरू, म्हणजे 500 जिंकले आणि 500 हरले. एकूण 1020 पैकी 500, म्हणजे 49.02 टक्के. पुढे दहा हजार धरले तर 10,020 पैकी 5000, 49.90 टक्के. जुन्या वीस हारी जशाच्या तशा वहीत आहेत, एकीचीही वसुली झाली नाही, तरी टक्केवारी पन्नासला टेकायला आली. वसुलीची गरजच नसेल तर निसर्गाला वसुली अधिकारी कशाला करायचं?

केरिचच्या पहिल्या 2000 फेकांत सलग चार छापे 130 वेळा आले. मजकुराप्रमाणे त्यानंतर काट्यांचा पाऊस पडायला हवा होता. त्यानंतरच्या फेकेला 69 वेळा छापा आला आणि 61 वेळा काटा. छापे जास्त आले म्हणून 'रांग चालू राहते' असंही समजू नका, 130 फेकांत एवढा फरक सहज पडतो.

विशाखापट्टणमचं उत्तर यातच आलं. तिथे जिंकण्याची शक्यता अर्धी होती आणि जिंकलो. हरलो असतो तर हा मजकूर '20' चा '21' करून पुन्हा फिरला असता. रांग कधी ना कधी तुटणारच होती, आणि ज्या दिवशी तुटते त्या दिवशी भाकीत करणारा कुणीतरी हजर असतोच.

आपल्यातल्या चिकित्सकांना एक शंका येईल : सलग वीस म्हटल्यावर नाण्यावरच संशय घेऊ नये का? घ्या की. पण मग पैज पुढच्या *हारीवर* लावायला हवी. खोटं नाणं ज्या बाजूला झुकलं आहे त्याच बाजूला पुन्हा पडणार. म्हणजे नाणं खरं असेल तर शक्यता अर्धी, खोटं असेल तर अर्ध्याहून कमी. '99.9999 टक्के जीत' दोन्हीकडून निघत नाही. आणि टॉसच्या बाबतीत दर वेळी मैदान, नाणं, समोरचा कप्तान बदलतो, त्यामुळे मला संशयाला फारशी जागा दिसत नाही.

तरी 'आता येणारच' असं मनाला वाटतं, ते कुठून येतं? मला वाटतं, तांबोळ्यातून. सोसायटीच्या गणेशोत्सवात तांबोळा खेळताना फुल हाऊसला एकच आकडा राहिलेला असतो, समजा 53. नव्वदपैकी ऐंशी पुकारून झाले, 53 अजून आला नाही. आता पुढचा 53 असण्याची शक्यता दहात एक. सुरुवातीला ती नव्वदात एक होती. इथे वाट पाहिल्याचं फळ खरंच मिळतं, कारण पुकारलेला आकडा पिशवीत परत जात नाही. पत्त्यांच्या वाटपातही तसंच. हा अनुभव खोटा नाही, फक्त तो नाण्याला लागू नाही. नाण्याच्या पिशवीत दर वेळी दोन्ही बाजू परत जातात.

तांबोळा मुळात इटलीचा, आणि तिथल्या सरकारी लोटोतही आकडे नव्वदच. 2005 च्या सुरुवातीपर्यंत तिथे दहा शहरांच्या नावाने दहा सोडती होत, प्रत्येकीत पाच आकडे काढत. त्यामुळे ठरावीक आकडा ठरावीक शहरात येण्याची शक्यता अठरात एक. पुढच्या सोडतीला मात्र नव्वदच्या नव्वद आकडे पुन्हा भांड्यात. 2003 च्या मे महिन्यानंतर व्हेनिसच्या सोडतीत 53 यायचाच थांबला. तिथे अशा आकड्याला 'उशीर झालेला' म्हणतात आणि त्यांच्या याद्या ठेवतात, आपल्याकडे मटक्याचे चार्ट ठेवतात तशा. सोडती होत राहिल्या, 53 येईना, आणि लोक रक्कम वाढवत गेले. घरं, साठवलेले पैसे, सगळं. एकूण साडेतीन अब्ज युरोंच्या आसपास पैसा या एका आकड्यावर लागल्याच्या बातम्या होत्या.

अशा 182 सोडती 53 विना गेल्या. 182 सोडतींत एक आकडा न येण्याची शक्यता साधारण 33,000 मध्ये एक. ऐकायला भयंकर, पण दहा शहरांचे मिळून 900 आकडे तेव्हा आठवड्याला दोनदा, वर्षानुवर्षं पळत होते. त्यातला कुठला तरी असा रेंगाळणारच, आणि आपलं लक्ष नेमकं त्याच्यावरच जातं.

9 फेब्रुवारी 2005 ला व्हेनिसमध्ये 53 आला. त्या दिवशीही त्याची शक्यता अठरात एकच होती, आणि लावलेल्या एका युरोला मिळत होते सुमारे अकरा.