कपॅसिटरवरचे 10 व्होल्ट खरे आहेत, दहापट पॉवर खरी नाही

"जनरेटरमधून 1 व्होल्ट दिला, कपॅसिटरवर 10 व्होल्ट आले. सिरीज रेझोनन्समध्ये पॉवर दहापट होते, कपॅसिटरवरून लोड चालवा. रेझिस्टर काढला तर 33 पट झालं, म्हणजे रेझिस्टन्स कमी करत गेलं की लिमिटच नाही. Q जितका जास्त तितकं सर्किट भारी."

पंधरा दिवसांत हे तीन ग्रुपवर आलं, त्यातला एक ग्रुप डिप्लोमाच्या पोरांचा आहे, म्हणून बसून लिहितोय. मोजलेले आकडे खरे आहेत, खोटं कोणी बोललेलं नाही, पण त्यावरून काढलेला अर्थ चुकलाय.

रविवारी घरी मी तेच सर्किट लावून बघितलं. लॅमिंग्टन रोडवरून आणलेली 10 मिलीहेन्रीची कॉइल, 103 छापलेला फिल्म कपॅसिटर म्हणजे 10 नॅनोफॅरड, आणि 20 ओहमचा रेझिस्टर. जनरेटरच्या आतले 50 ओहम आणि कॉइलचे स्वतःचे साधारण 30 (16 किलोहर्ट्झच्या आसपास, मल्टिमीटर डीसीला थोडे कमीच दाखवतो) हेही लूपमध्येच असतात, म्हणजे एकूण झाले 100. रेझोनन्स येतो 15.9 किलोहर्ट्झला, तिथे कॉइलचा रिअ‍ॅक्टन्स 1000 ओहम आणि कपॅसिटरचाही 1000, पण एकाचं व्होल्टेज करंटच्या 90 अंश पुढे आणि दुसऱ्याचं 90 अंश मागे असल्याने ते एकमेकांना खाऊन टाकतात आणि सोर्सला समोर फक्त 100 ओहम दिसतात. 1 व्होल्टला 10 मिलीअँप, आणि तेच 10 मिलीअँप कपॅसिटरच्या 1000 ओहममधून गेले की 10 व्होल्ट. Q म्हणजे 1000 भागिले 100, दहा.

स्कोपवर हे बघायला फार छान दिसतं. आधी रेझिस्टर, मग कॉइल, मग कपॅसिटर आणि कपॅसिटरचं खालचं टोक ग्राउंडला, असं जोडा. प्रोब कॉइलच्या वरच्या टोकाला लावला की 0.3 व्होल्ट, आणि तोच प्रोब कॉइल ओलांडून कपॅसिटरच्या टोकाला लावला की 10. म्हणजे कॉइल आणि कपॅसिटर दोघं मिळून बाहेरच्याला जवळपास काहीच दाखवत नाहीत, उरतात ते फक्त कॉइलच्या 30 ओहमचे 0.3 व्होल्ट.

आता पॉवर. सोर्स देतो 1 व्होल्ट गुणिले 10 मिलीअँप, 10 मिलीवॉट, आणि ते सगळे त्या 100 ओहममध्ये उष्णता होऊन जातात. कपॅसिटरवर 10 व्होल्ट गुणिले 10 मिलीअँप केलं की 100 दिसतात खरे, पण तिथे व्होल्टेज आणि करंट 90 अंशांनी वेगळे आहेत, पाव सायकल ऊर्जा कपॅसिटरमध्ये जाते आणि पुढच्या पाव सायकलमध्ये कॉइलकडे परत येते, सरासरी शून्य. ती साठलेली ऊर्जा सुरुवातीच्या काही सायकलमध्ये सोर्सनेच भरलेली असते.

पटत नसेल तर लोड लावून बघा, फॉरवर्डमध्ये नेमकं हेच कोणी केलेलं नाही. कपॅसिटरला समांतर 10 किलोओहम लावला की 10 चे 5 व्होल्ट होतात, कारण तो लोड लूपमध्ये आणखी 100 ओहम सिरीजमध्ये घातल्यासारखा वागतो आणि Q अर्धा होतो. लोडला मिळतात 2.5 मिलीवॉट, आणि 1 व्होल्ट, 100 ओहमच्या या लूपमधून कुठल्याही लोडला याहून जास्त मिळूच शकत नाही. 1 किलोओहम लावला तर 0.9 व्होल्ट येतात, इनपुटपेक्षाही कमी. फ्रिक्वेन्सी खाली आणून परत ट्यून केलं तरी जेमतेम 1.02 होतात. रेझोनन्स ट्रान्सफॉर्मरसारखा इम्पीडन्स बदलून देतो, वॉट वाढवून देत नाही.

33 पटीचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण ही चूक लॅबमध्ये चांगली पोरंही करतात. 20 ओहम काढले की लूपमध्ये 80 उरतात, करंट 12.5 मिलीअँप, कपॅसिटरवर 12.5 व्होल्ट. मग 33 कुठून आले? तर त्यांनी इनपुट जनरेटरच्या टर्मिनलवर मोजलंय, आणि रेझोनन्सला तिथे 1 व्होल्ट राहतच नाही, आतल्या 50 ओहमवर बहुतेक पडून जातो आणि बाहेर उरतात 0.375. 12.5 भागिले 0.375 केलं की 33, हा फक्त कॉइलचा Q आहे, 1000 भागिले 30. सर्किटचा Q 12.5 च आहे. हे ओळखायचं बँडविड्थवरून: जनरेटरची सेटिंग न हलवता फ्रिक्वेन्सी दोन्ही बाजूंना सरकवा, करंट कमाल मूल्याच्या 0.707 पट होतो त्या दोन जागा टिपा, फरक 1.27 किलोहर्ट्झ येतो, आणि 15.9 भागिले 1.27 म्हणजे 12.5. Q खरंच 33 असता तर फरक 480 हर्ट्झच आला असता. रेझिस्टर काढून टाकला तरी जनरेटर आणि कॉइल लूपमधून निघत नाहीत, लिमिट तिथेच आहे. आणि हे मोजायला साधा मल्टिमीटर वापरू नका, बरेचसे स्वस्त मीटर एसीला 400 हर्ट्झच्या वर भरवशाचे नसतात.

आता Q जितका जास्त तितकं चांगलं का? आकाशवाणी मुंबईचं 1044 किलोहर्ट्झ घ्या. रेडिओच्या फेराइट रॉडवरच्या कॉइलमध्ये सिग्नल कॉइलच्या आतच निर्माण होतो, म्हणजे तो कॉइल आणि कपॅसिटरच्या सिरीजमध्येच येतो, आणि कपॅसिटरवर आपल्याला Q पट व्होल्टेज मिळतं. पण 5 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज हवा असेल तर कॅरियरच्या दोन्ही बाजूंचे मिळून 10 किलोहर्ट्झ आत यायला हवेत, म्हणजे Q साधारण 104. तो 300 केलात तर बँडविड्थ 3.5 किलोहर्ट्झ होते, सिग्नल जोरात येतो पण आवाज घोंगडी पांघरून बोलल्यासारखा, स आणि श कळत नाहीत. Q फारच कमी ठेवला तर 9 किलोहर्ट्झ अंतरावरचं शेजारचं स्टेशन आत घुसतं. Q किती हवा ते कामावरून ठरतं.

त्या फॉरवर्डखाली एकाने विचारलंय की घरच्या 230 व्होल्टवर करून बघू का. बिलकुल करू नका, प्लीज. Q फक्त 5 आला तरी कपॅसिटरवर 1150 व्होल्ट, पीकला 1600 च्या वर, आणि पंख्याच्या कपॅसिटरवर छापलेलं असतं 440. कॉइलचा लोखंडी कोअर सॅच्युरेट होऊन व्होल्टेज कमी भरेलही कदाचित, पण त्या भरवशावर हात घालायचा नसतो, आणि स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.