एंड स्क्रीनच्या ९ टक्क्यांवर एवढं खूश होऊ नका

"एंड स्क्रीनचा क्लिक रेट ८-९ टक्के आला की समजायचं व्हिडिओ लोकांना पुढचे व्हिडिओ बघायला लावतोय. बाकी काही बघायची गरज नाही."

यूट्यूबच्या व्हिडिओबद्दल असं कोणी म्हणालं, तर पहिली गोष्ट, हे ९ टक्के कशाचे? व्ह्यूजचे नाहीत, ज्यांना एंड स्क्रीन दिसली त्यांचे. एंड स्क्रीन, म्हणजे पुढच्या व्हिडिओंचे चौकोन, येते शेवटच्या ५ ते २० सेकंदांत, तोवर बरीच मंडळी पळालेली असतात. समजा दोन व्हिडिओ आहेत, दोन्हीला १०,००० व्ह्यूज. पहिल्यात शेवटपर्यंत १,५०० जण टिकले, ९ टक्के म्हणजे १३५ क्लिक. दुसऱ्यात ४,००० टिकले, रेट फक्त ५ टक्के, पण क्लिक २००! कमी रेटवाल्याने जास्त माणसं पुढे पाठवली. पहिल्यात शेवटी उरले ते पक्के फॅन, ते क्लिक करणारच की.

दुसरं म्हणजे लोक एंड स्क्रीनवरूनच पुढे जातात असं कोणी सांगितलं? बाजूच्या यादीतून जातात, ऑटोप्लेने जातात. हे मोजायचं तर उलट्या बाजूने जावं लागतं, म्हणजे चॅनेलच्या बाकीच्या व्हिडिओंच्या ट्रॅफिक सोर्समध्ये Suggested videos उघडायचं, तिथे कुठल्या व्हिडिओवरून लोक आले त्याची यादी मिळते, त्यातून आपल्या व्हिडिओचे आकडे वेचून बेरीज करायची. काम कंटाळवाणं आहे, मी एक्सेल शीट करून ठेवलीय. वरच्याच उदाहरणात समजा पहिल्याचे असे २४० निघाले आणि दुसऱ्याचे ४५०, तर एकूण ३७५ आणि ६५०, म्हणजे शंभर व्ह्यूजमागे पावणेचार आणि साडेसहा. अर्थात ही फक्त पुढची एकच पायरी झाली, तीही आपल्याच चॅनेलवरची. माणूस दुसऱ्याच्या चॅनेलवर गेला तर यूट्यूब स्टुडिओत ते दिसतच नाही.

आता लगेच दुसरा व्हिडिओ भारी असंही म्हणू नका हां. पहिल्यावर लोक सर्चमधून आले असतील, तर उत्तर मिळालं की ते जाणारच, आणि होम फीडवरून आलेला मुळातच टाइमपास करायला बसलेला असतो. त्यात व्हिडिओचं कर्तृत्व किती आणि माणसाच्या मूडचं किती? म्हणून सर्चवाल्याची तुलना सर्चवाल्याशीच करायची.

यूट्यूबऐवजी स्वतःचं व्हिडिओ ॲप आहे, कोणी कधी काय बघितलं त्याचे सगळे लॉग हातात आहेत, म्हणून तिथे सोपं असेल असं वाटतं, पण तिथेही गंमत आहे. ३० मिनिटं काही हालचाल नाही तर सेशन, म्हणजे माणसाची ती एक बैठक, संपलं असं बऱ्याच ठिकाणी धरतात, आणि लॉग फक्त प्ले दाबल्यावर पडत असेल तर ४५ मिनिटांचा व्हिडिओ पूर्ण बघून लगेच दुसरा लावणारा माणूससुद्धा नवीन सेशन म्हणून मोजला जातो. मग लांब व्हिडिओनंतर लोक निघून जातात असं दिसतं आणि ते व्हिडिओ बदनाम होतात, खरं तर मध्येमध्ये 'अजून चालू आहे' असा सिग्नल पाठवायचाच राहिलेला असतो.